उद्याच्या वार्षिक सभेची जागा आज बदलली – जुन्या जागी कुणी जाऊ नये म्हणून काय काय करावं?

मृदुला_क | शनिवार, संध्या. ५:१०

मदत हवी आहे, आणि लगेच हवी आहे. आमची ९६ फ्लॅटची गृहनिर्माण सोसायटी, पुण्यात. मी सचिव. उद्या रविवार २७ सप्टेंबर, सकाळी १० वाजता वार्षिक सर्वसाधारण सभा आहे. नोटीस नियमाप्रमाणे वेळेत दिली होती, जागा जवळच्या शाळेचं सभागृह. आज चार वाजता शाळेतून फोन आला की पावसाचं पाणी सभागृहात शिरलंय, वीज बंद केली आहे, उद्या देता येणार नाही. धावपळ करून शाळेच्या मागच्या रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयाचा पहिला मजला १ वाजेपर्यंत मिळवला. चालत दहा मिनिटं.

सभा पुढे ढकलता येत नाही. ३० सप्टेंबरच्या आत व्हायलाच हवी आणि नवी नोटीस काढली तर १४ दिवस जातात. विषयपत्रिकेत मोठ्या दुरुस्तीचा निधी आहे, त्यामुळे या वेळी लोक येणार, वादही होणार.

साधारण ६० फ्लॅटमध्ये मालक स्वतः राहतात. बाकीचे भाड्याने दिलेत. त्यांचे मालक चिंचवड, ठाणे, सातारा असे कुठून कुठून येतील. ग्रुपवर टाकायचा मजकूर असा लिहिलाय:

> सर्व सन्माननीय सभासदांस कळविण्यात येते की, रविवार दि. २७ सप्टेंबर रोजी सकाळी १० वा. शाळेच्या सभागृहात आयोजित केलेली वार्षिक सर्वसाधारण सभा काही अपरिहार्य कारणास्तव सदर ठिकाणी रद्द करण्यात आली असून ती अमुक मंगल कार्यालय येथे घेण्यात येईल. कृपया नोंद घ्यावी.

हा पुरेल का? आणखी काय करू? (कार्यालयाचं नाव इथे मुद्दाम देत नाही.)

---

भटका_सातारकर | ५:१८

ताई, सोसायटीचा पत्ता बदलायचा असेल तर आधी ठराव लागतो, मग उपनिबंधक कार्यालयात अर्ज. एका दिवसात होणारं काम नाही हे. आमच्याकडे महिनोन् महिने गेले.

---

मृदुला_क | ५:२०

भाऊ, सोसायटी आहे तिथेच आहे. फक्त उद्याच्या सभेचा हॉल बदललाय.

---

रोखठोक | ५:२४

जागा बदलली म्हणजे नोटीस बदलली. नव्याने १४ पूर्ण दिवसांची नोटीस द्यावी लागेल, नाहीतर सभा बेकायदा. शिवाय दोन तृतीयांश कोरम, म्हणजे तुम्हाला ६४ माणसं नव्या जागी हवीत. एका रात्रीत जमणार नाही. माझं ऐका, सभा पुढे ढकला.

---

निवृत्त_सचिव | ५:४१

रोखठोक, कोरमचं अर्धंच सांगितलंत. आदर्श उपविधींत दोन तृतीयांश किंवा २०, यांपैकी जो आकडा कमी असेल तो. ९६ सभासदांना २० पुरतात. नोटिशीच्या मुद्द्याकडे नंतर येतो, कारण आत्ता संध्याकाळ आहे आणि ताईंच्या हातात चार-पाच तासच आहेत. त्यानंतर लोक फोन बाजूला ठेवून झोपतील.

मृदुलाताई, आधी तुमचा मजकूर. त्यात जुनी जागा पहिल्या ओळीत आणि नवी शेवटी आहे. फोनवर सूचना वर येते तेव्हा पहिल्या एक-दोन ओळीच दिसतात. म्हणजे निम्म्या लोकांना "रविवार, १० वाजता, शाळेच्या सभागृहात" एवढंच दिसेल, आणि ते म्हणतील, "हो, माहीत आहे." मग उघडणार कोण? दुसरं म्हणजे "रद्द" हा शब्द काढा. लोक तेवढाच शब्द उचलतात. जिन्यात एकजण दुसऱ्याला सांगतो "अहो, उद्याची सभा रद्द झाली," आणि ते कुटुंब सकाळी सिंहगडावर. "स्थगित"ही नको, "सदर ठिकाणी"ही नको. कारण मात्र सरळ लिहा. निधीचा विषय असताना "अपरिहार्य कारणास्तव" वाचलं की विरोधकांना वाटतं, काहीतरी शिजतंय.

मी असं लिहिलं असतं:

> उद्याची वार्षिक सभा अमुक मंगल कार्यालयात, पहिला मजला. शाळेत नाही.
> रविवार २७ सप्टेंबर, सकाळी १०. वेळ आणि विषय तेच आहेत.
> शाळेच्या मागच्या रस्त्यावर, दवाखान्यासमोर. गाड्या आत लावता येतील.
> शाळेच्या सभागृहात पावसाचं पाणी शिरलं आहे म्हणून हा बदल.
> भाडेकरूंनी कृपया आपल्या घरमालकांना आज फोन करून सांगावं.
> – सचिव, (नाव, मोबाईल)

नाव आणि मोबाईल घालाच. असा निरोप एकाकडून दुसऱ्याकडे गेला की कुणी पाठवला ते कळत नाही, आणि मग "हा खरा आहे का?" हे विचारायला लोक भलत्यालाच फोन करतात.

---

सोनचाफा | ५:५२

काका, "शाळेत नाही" हे कशाला? जुन्या जागेचं नावच घेऊ नये असं मला वाटतं. माझ्या भावाच्या साखरपुड्याला जागा बदलली तेव्हा आम्ही पत्रिकेवर जुन्या कार्यालयाचं नाव खोडून नवं लिहिलं, तर लोकांनी खोडलेलंच वाचलं! वर दोन्ही कार्यालयांची नावं जवळपास सारखी. मावशीचं सगळं कुटुंब भलत्याच साखरपुड्यात जाऊन सरबत पिऊन आलं. नवरीला पाहिल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

---

निवृत्त_सचिव | ५:५८

मावशींचं कौतुक वाटलं. पण इथे नाव घ्यावंच लागतं. नुसतं "उद्याची सभा अमुक कार्यालयात" असं लिहिलं तर ती आठवण वाटते, बदल वाटत नाही. ज्याच्या डोक्यात शाळा पक्की बसलीय तो कार्यालयाचं नाव नीट वाचतही नाही. आधी नवी जागा, मग दोन शब्दांत "शाळेत नाही". हा क्रम मोडू नका.

---

डोंबिवलीकर_अजय | ६:०६

व्हॉट्सॲपचं मी सांगतो, ऑफिसच्या कार्यक्रमांसाठी हेच करत असतो.

मूळ नोटिशीची पीडीएफ दोन आठवड्यांपूर्वी ग्रुपवर टाकली असणार. ती आता तुम्हाला सगळ्यांच्या फोनमधून काढता येणार नाही, ती मुदत दोन-अडीच दिवसांचीच असते. संदेश दुरुस्त करायला तर फक्त १५ मिनिटं मिळतात. म्हणजे जुनी नोटीस तिथे राहणार. आणि उद्या सकाळी साडेनऊला लोक काय करतात? "अरे, सभा कुठे आहे?" म्हणून ग्रुपमध्ये "सभा" असं शोधतात आणि तीच जुनी पीडीएफ उघडतात. म्हणून काकांचा मजकूर जुन्या नोटिशीला उत्तर म्हणून टाका, म्हणजे दोन्ही एकमेकांना जोडलेले राहतील. तोच संदेश वर पिन करा. आणि ग्रुपचं नावच बदला: "उद्या सभा अमुक कार्यालयात". ग्रुप न उघडणाऱ्यालाही ते नाव यादीत दिसतं. सोमवारी परत जुनं नाव.

मजकूर टाकल्यावर ग्रुप "फक्त ॲडमिन लिहू शकतात" असा करून ठेवा. नाहीतर ४० लोक "ओके", हात जोडलेले, "धन्यवाद" पाठवतील आणि तुमचा निरोप वर सरकून गायब. पोच हवी असेल तर "याच संदेशावर अंगठा द्या" असं सांगा.

ब्रॉडकास्ट लिस्टवर विसंबू नका. ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच ती पोचते, आणि बाहेर राहणाऱ्या मालकांनी तो केलेला असेलच असं नाही.

---

रोखठोक | ६:११

एवढं कशाला? सरळ ९६ जणांना एका क्लिकवर एसएमएस टाका. कुठलीही वेबसाइट पाच मिनिटांत पाठवते.

---

डोंबिवलीकर_अजय | ६:१९

आता नाही पाठवत. संस्थेच्या नावाने घाऊक एसएमएस करायचे तर आधी डीएलटी या नोंदणी यंत्रणेवर संस्थेची नोंदणी आणि मजकुराचा साचा मंजूर लागतो. ज्यांची ती आधीपासून आहे त्यांनाच जमेल, शनिवारी संध्याकाळी सुरुवात करून नाही. स्वतःच्या फोनवरून साधे एसएमएस जातील, पण देवनागरीत एका एसएमएसला ७० अक्षरं बसतात. म्हणून "उद्याची सभा अमुक कार्यालयात, सकाळी १०. शाळेत नाही. – सचिव" एवढंच. लांब केलात तर तुकडे होतात, आणि काही जुन्या फोनवर ते मागेपुढे येतात.

---

मृदुला_क | ६:२५

काकांचा मजकूर टाकला, पिन केला, ग्रुपचं नाव बदललं. वॉचमनकडे सर्क्युलरची वही दिली आहे, तो दारोदार सह्या घेतोय. नकाशाचं लोकेशनही टाकू का?

---

डोंबिवलीकर_अजय | ६:२८

टाका, पण "माझं सध्याचं ठिकाण" नको. तुम्ही घरी बसला असाल तर ते लोकांना तुमच्या घरी आणेल. नकाशात कार्यालय शोधून त्याची लिंक टाका, आणि टाकल्यावर स्वतः उघडून बघा की दार बरोबर रस्त्यावर दिसतंय का. मंगल कार्यालयांची पिन पुष्कळदा मागच्या गल्लीत पडलेली असते.

---

निवृत्त_सचिव | ६:४०

आता खरं काम. ताई, तुम्ही ९६ जणांना सारख्याच जोराने कळवायला निघालात, त्याने दमाल. जे ६० जण इमारतीत राहतात त्यांची काळजी कमी. त्यांना ग्रुप आहे, वॉचमन आहे, लिफ्टमधला कागद आहे, आणि सकाळी खाली उतरले की शेजारी सांगतोच. चुकणारा माणूस तो, जो इमारतीत न येता थेट शाळेत जाणार आहे. त्यांची वेगळी यादी काढा: बाहेर राहणारे मालक, शनिवार-रविवार मुलाकडे किंवा मुलीकडे गेलेले ज्येष्ठ, आणि सहसभासद. फ्लॅट नवरा-बायकोच्या नावावर असतो, ग्रुपवर एकच असतो, सभेला नेमका दुसरा येतो.

ही यादी चाळीस-पन्नास नावांची होईल. समितीतल्या पाच जणांना आठ-दहा नावं वाटा. आणि फोन म्हणजे फोनच, निळ्या टिका पोच नव्हेत. फोनवर "सभा कार्यालयात आहे बरं का" असं सांगून ठेवून देऊ नका. शेवटी विचारा, "उद्या कुठे येताय?" समोरच्याने कार्यालयाचं नाव घेतलं तरच नावापुढे बरोबरची खूण. निम्मे लोक हो हो म्हणतात आणि डोक्यात शाळाच असते. ज्यांचा फोन लागला नाही ती नावं रात्री नऊला तुमच्याकडे परत यायला हवीत, कारण उद्या शाळेच्या दारात उभ्या राहणाऱ्या माणसाच्या हातात तीच यादी द्यायची आहे.

हो, माणूस उभा करायचाच. सव्वानऊपासून निदान अकरापर्यंत. उशिरा येणाराच घाईत असतो आणि फोन बघत नाही. सभासदांना चेहऱ्याने ओळखणारा माणूस ठेवा, भाड्याचा मुलगा नको. दारावर मोठा कागद लावा: "सोसायटीची सभा – अमुक कार्यालय, मागचा रस्ता", आणि बाण. बाण लावल्यावर दहा पावलं मागे जाऊन बघा तो कुठे दाखवतोय ते. पाऊस आहे, तेव्हा कागद प्लास्टिकच्या पाकिटात घाला, नाहीतर दहापर्यंत शाई ओघळलेली असेल. शाळेच्या वॉचमनला आज सांगितलंत तरी सकाळी पाळी बदलते, नव्यालाही सांगा. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी एक रिक्षा तिथेच थांबवून ठेवा.

---

पुणेरी_पाटी | ६:५२

काकांशी सहमत. २०१९च्या अखेरीस मेट्रोच्या कामासाठी शिवाजीनगरचं एसटी स्टँड वाकडेवाडीला गेलं. पेपरात आलं, पाट्या लागल्या, तरी लोक बॅगा घेऊन जुन्याच जागी उतरायचे, कारण सगळ्यांच्या तोंडी "शिवाजीनगर स्टँड"च. तिथे खरे कामाला आले ते रिक्षावाले. (त्यांनी मीटरने नेलं का, हा वेगळा धागा.)

---

बारकू_वकील | ७:१५

व्यवसायाने वकील आहे, पण हा सल्ला नाही, गप्पा समजा. रोखठोक यांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. नोटिशीत जागा लिहावी लागते ती लोकांना तिथे पोचता यावं म्हणूनच. कुणी उद्या म्हणाला की "मी नोटिशीप्रमाणे गेलो, तिथे सभा नव्हती, निधीचा ठराव माझ्या मागे झाला," तर त्याची तक्रार ऐकली जाऊ शकते.

इंग्लंडमधला एक गाजलेला खटला आहे. १९८८ साली लंडन लाईफ या विमासंस्थेच्या सभासदांची सभा बार्बिकन सेंटरमधल्या सिनेमागृहात बोलावली होती. गर्दी मावेना, शेजारच्या खोल्यांत लावलेली ध्वनिचित्र यंत्रणा चालेना. अध्यक्षांनी सभा तहकूब करून त्याच दुपारी कॅफे रॉयलमध्ये घेतली. अपील न्यायालयाने तिथे झालेला ठराव अवैध ठरवला. अडचणीत सभा तहकूब करायचा अधिकार अध्यक्षांना होता, पण सकाळी आलेल्या काहींना दुपारी दुसरीकडे येणं शक्यच नव्हतं, याचा विचार त्यांनी केला नाही, असं न्यायालय म्हणालं. तो निकाल आपल्या सोसायट्यांना थेट लागू नाही. पण तुमच्याकडे वेळ तीच आहे आणि अंतर दहा मिनिटांचं, ही तुमची जमेची बाजू. म्हणून "थोडं उशिरा, साडेदहाला घेऊ" असं काही करू नका. वेळ हलवली तर ती बाजू कच्ची होते.

---

निवृत्त_सचिव | ७:३२

वकीलसाहेब, वेळेबद्दल अगदी बरोबर. त्यात एक खाच मी जोडतो, ती कुणाच्या लक्षात येत नाही. मृदुलाताई, तुमच्या नोटिशीच्या तळाशी ते नेहमीचं वाक्य आहे का, "गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल"?

---

मृदुला_क | ७:३५

आहे, शब्दशः. दर वर्षी तेच वाक्य छापतो. आणि दर वर्षी सभा अर्ध्या तासानेच सुरू होते.

---

निवृत्त_सचिव | ७:४६

तीच मेख. "त्याच ठिकाणी" म्हणजे कुठे? नोटिशीत ठिकाण शाळा आहे. तहकूब सभेला कोरम लागत नाही, म्हणून सगळ्या सोसायट्या आरामात साडेदहाला सुरू करतात. उद्या तुम्ही त्या वाक्यावर टेकलात तर हरकत घेणाऱ्याला आयतं हत्यार मिळेल. त्यापेक्षा दहाला २० सह्या हजेरी वहीत पाडा. समितीतल्यांच्या घरचे सहसभासद धरून नव्हेत, तर वेगवेगळ्या फ्लॅटचे वीस सभासद पावणेदहालाच कार्यालयात बसलेले हवेत. आज रात्रीच त्यांना सांगून ठेवा.

इतिवृत्ताचा पहिला परिच्छेद जागेचा लिहा: शाळेने कधी आणि काय कळवलं, सभासदांना कोणकोणत्या मार्गांनी कळवलं, शाळेच्या दारात कोण किती वेळ होतं. शाळेकडून दोन ओळींचं पत्र किंवा निदान मेसेज मागून घ्या. वॉचमनची सह्यांची वही आणि फोनच्या याद्या टाकून देऊ नका.

---

बारकू_वकील | ७:५८

आणि निधीचा विषय? मी असतो तर उद्या हिशेब, लेखापरीक्षक वगैरे नेहमीचे विषय घेतले असते आणि निधी विशेष सभेकडे दिला असता. तिला पाच पूर्ण दिवसांची नोटीस पुरते. वाद होणारच आहे तर तो वादातीत जागी होऊ द्या.

---

निवृत्त_सचिव | ८:०५

हे पटत नाही. दुरुस्ती पावसाळा संपल्या संपल्या सुरू करायची असते. आणि एका हरकतीच्या भीतीने विषय पुढे ढकलला की तो पुढेच ढकलला जातो.

---

रोखठोक | ८:१०

दोघांनी भांडून घ्या. मी म्हणत होतो ते हेच.

---

मृदुला_क | रविवार, दुपारी ३:२०

सगळ्यांना धन्यवाद. झालं ते सांगते, पुढे कुणाच्या उपयोगी पडेल.

रात्री साडेनऊला यादीत चार नावं उरली होती, ज्यांचे फोन लागले नाहीत. शाळेच्या दारात आमचे खजिनदार उभे होते. थेट शाळेत आलेले एकूण तिघे. एक ठाण्याचे मालक, फोन न लागलेल्यांपैकीच. दुसऱ्या सातारच्या बाई. त्यांच्या मुलाशी आमचं बोलणं झालं होतं, त्याने "कार्यालयात" असं बरोबर सांगितलंही होतं, पण आईला सांगायचं राहिलं. तिसरे आमच्याच इमारतीतले, ग्रुपवर अंगठा दिलेले! त्यांनी नोटीस आली तेव्हाच फोनच्या कॅलेंडरमध्ये शाळेचा नकाशा जोडून ठेवला होता. सकाळी फोनने आठवण केली, ते गाडी काढून निघाले. तिघेही सव्वादहाच्या आत कार्यालयात पोचले, रिक्षा एकदाच लागली.

दहाला हजेरी वहीत २० च्या वर सह्या होत्या, त्यामुळे तहकुबीचा प्रश्न आला नाही. दोन मजली कार्यालयात खाली एक मुंज होती, आमचे काही सभासद आधी तिथेच जाऊन बसले. "पहिला मजला" लिहिलं होतं, पण जिन्याच्या तोंडाशी आमची पाटी नव्हती. ती दहा वाजता लावली.

निधीचा ठराव मताला टाकला आणि मंजूर झाला. विरोधातल्या एका सभासदांनी लेखी हरकत दिली आहे की नोटिशीतल्या जागी सभा झाली नाही. ते स्वतः हजर होते आणि मतदानही केलं.

---

निवृत्त_सचिव | ३:४१

हरकतीची पोच द्या आणि इतिवृत्तात तिची नोंद करा. दाबू नका. ते हजर होते, त्यांनी मत दिलं, हेही त्याच परिच्छेदात लिहा. मग त्या हरकतीत फारसा दम राहत नाही.

---

बारकू_वकील | ४:०२

त्यांच्यापुरता राहत नाही. पण जे चारजण फोनवर सापडले नाहीत त्यांतले एक ठाण्याचे आले. उरलेले तिघे कुठे होते ते बघा. त्यांच्यातला कुणी शाळेत येऊन, कागद न बघता परत गेला असेल, तर प्रश्न त्याचा आहे.

---

मृदुला_क | ४:१५

खजिनदार साडेअकरापर्यंत दारात होते, त्या तिघांपैकी कुणी दिसलं नाही म्हणतात. आज संध्याकाळी तिघांनाही पुन्हा फोन लावते आणि जे कळेल ते लिहून ठेवते.